आडनावाची ओळ रिकामी ठेवायची की भरायची?

*काका, माझं नाव फक्त ओवी. आडनावावरून जात विचारली जाते म्हणून आईबाबांनी जन्मदाखल्यावर आडनाव लावलंच नाही. आधारवरही ओवी एवढंच आहे. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर मात्र 'ओवी ओवी' छापलंय, कारण शाळेच्या फॉर्ममध्ये आडनाव सोडता येत नव्हतं म्हणे. पॅन अजून काढलेलं नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये एम.एस.साठी अमेरिकेला जायचंय. पासपोर्टच्या अर्जात आडनाव काय टाकू? सेवा केंद्रातले दादा म्हणतात, बाबांचं नाव टाक, नाहीतर कुठेतरी अडकशील. मैत्रीण म्हणते डॉट टाक. बाबा म्हणतात, काहीच टाकू नकोस.*
*— ओवी, इंदिरानगर, नाशिक*

प्रिय ओवी,

बाबांचं ऐक. 'Given Name' मध्ये OVI लिही आणि 'Surname' ची चौकट रिकामी सोड. तिथे डॉट, डॅश, NA, XX यांतलं काहीही नको आणि पुन्हा OVI सुद्धा नको. पासपोर्टच्या अर्जात Given Name भरावंच लागतं, आडनाव भरण्याची सक्ती नाही. तिथे चौकट रिकामी ठेवली म्हणून अर्ज अपुरा ठरत नाही.

दादांचा हेतू वाईट नाही. रोज ज्या फॉर्मशी गाठ पडते, त्यावरून ते बोलतात. पण बाबांचं नाव आडनाव म्हणून टाकलंस, तर तुझ्या जन्मदाखल्यावरही नसलेलं आणि आधारवरही नसलेलं नाव अर्जात येईल. पासपोर्ट केंद्रात काउंटरवर बसलेला माणूस अर्जातलं नाव आणि हातातले कागद जुळतात का, एवढंच बघतो. जुळले नाहीत तर तो तुला कागद दुरुस्त करून परत यायला सांगेल. नाव बदलायला हरकत नाही, पण त्याचा रस्ता वेगळा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

डॉटचा प्रकार त्याहून फसवा. पासपोर्टच्या अर्जात नावासाठी अक्षरं टाकायची असतात, खुणा नाहीत. NA मात्र अक्षरंच आहेत, त्यामुळे ती सहज जातात, आणि पुढची दहा वर्षं तुझं आडनाव 'NA' होऊन बसतं. व्हिसा, तिकीट, परदेशातलं बँक खातं, सगळीकडे ओवी एनए. ते काढायला पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो.

पासपोर्ट हातात आला की त्याच्या मुख्य पानावर आडनावाची ओळ वर आणि नावाची ओळ खाली दिसेल. तुझ्या बाबतीत वरची ओळ कोरी असेल. ती छपाईतली चूक नाही. त्या पानाच्या तळाशी `<` अशा खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. विमानतळावरचं यंत्र त्या वाचतं. नेहमीच्या पासपोर्टवर पहिल्या ओळीची सुरुवात साधारण अशी असते:

```
P<INDKULKARNI<<SAYALI<SUNIL<<<<
```

आधी आडनाव, मग दोन `<`, मग उरलेलं नाव. पासपोर्टचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरवणाऱ्या संस्थेचा नियम असा की एखाद्याचं एकच नाव असेल तर ते मुख्य नाव मानायचं, म्हणजे आडनावाच्या जागेवरचं. पुढचा घोळ इथूनच सुरू होतो. भारतीय अर्जात तुझं नाव 'Given Name' मध्ये जातं, आणि बाहेरच्या बऱ्याच यंत्रणा तेच नाव आडनावाच्या रकान्यात मागतात. म्हणून प्रत्येक फॉर्मला एकच उत्तर चालत नाही. तो फॉर्म कोणाचा आहे आणि एकनावी माणसासाठी त्यांनी काय सूचना दिली आहे, हे आधी वाचायचं.

अमेरिकेकडे वळण्याआधी तुझी मार्कशीट. तुला तिचं फारसं वाटत नसलं तरी माझ्या मते तुझ्या फायलीतला सगळ्यात कच्चा कागद तोच आहे. पासपोर्टवर 'ईसीआर' चा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते असं सांगणारा, शिक्का नको असेल तर दहावी किंवा त्यावरच्या शिक्षणाचा दाखला दाखवावा लागतो. म्हणजे 'ओवी ओवी' लिहिलेला कागद तू स्वतःच्या हातानेच काउंटरवर ठेवणार. शिवाय पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो, तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखलं जातं का? अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातही तसाच प्रश्न आहे. दोन्हीकडे 'नाही' लिहायचं आणि दाखल्यावर दुसरं नाव दाखवायचं, हे जमणारं नाही.

म्हणून पहिलं काम शाळेत. मुख्याध्यापकांना भेट आणि जनरल रजिस्टरमध्ये तुझं नाव काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघ. तिथे नुसतं 'ओवी' असेल तर काम तुलनेने सोपं. रजिस्टर बरोबर आणि बोर्डाला पाठवलेला फॉर्म चुकीचा, असा तो मामला होतो. मग रजिस्टरचा उतारा आणि जन्मदाखला जोडून शाळेमार्फत बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज जातो. स्वतः जाऊन उपयोग नाही, अर्ज शाळेकडूनच जावा लागतो. बारावीच्या मार्कशीटसाठी हेच कनिष्ठ महाविद्यालयातून. रजिस्टरमध्येही 'ओवी ओवी' असेल तर मात्र आधी रजिस्टर दुरुस्त व्हायला हवं. त्याला जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि त्यानंतर बोर्ड. त्यात वेळ जातो.

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर नावाच्या ओळीशेजारी आडनाव आधी अशी सूचना इंग्रजीत छापलेली असते. त्यामुळे 'ओवी ओवी' वाचणारा पहिली ओवी आडनाव समजतो. हे तुला हास्यास्पद वाटेल, पण परदेशी विद्यापीठातला माणूस ते अगदी गंभीरपणे वाचतो आणि तुझ्या प्रवेशाच्या नोंदीत तसंच टाकतो. प्रवेशाचे अर्ज भरायच्या आधी ही दुरुस्ती झाली तर उत्तम. इंजिनिअरिंगची डिग्री अजून हातात आलेली नसेल तर कॉलेजमध्येही विचार, कारण विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव बहुधा बारावीच्या मार्कशीटवरूनच उचललेलं असतं. डिग्रीवर चुकीचं नाव छापून आल्यावर ते बदलण्यापेक्षा छापायच्या आधी बदलणं कितीतरी सोपं.

दुरुस्ती वेळेत झाली नाही तर? सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर टंकलेखक बसतात, तिथे एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून नोटरी करून घे. 'ओवी' आणि 'ओवी ओवी' ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, आधार व जन्मदाखल्याप्रमाणे खरं नाव ओवी, असा सरळ मजकूर असू दे. मग दुसऱ्या नावाच्या प्रश्नाला 'होय' म्हणायचं आणि त्या प्रश्नाखालच्या दोन्ही चौकटींत OVI टाकायचं. विचारलं तर काय झालं ते सांगायचं. प्रतिज्ञापत्राने मार्कशीट सुधारत नाही, एवढं मात्र लक्षात ठेव. ते फक्त तात्पुरता पूल बांधतं.

आता पासपोर्टच्या अर्जात आई-वडिलांची नावं. डिसेंबर २०१६ पासून आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. तुमच्या घरातलं वारं बघता बाबा म्हणतील, माझं आडनाव तरी कशाला त्या पासपोर्टवर? मुद्दा मला पटतो. तरी माझा आग्रह आहे की दोघांचीही नावं त्यांच्या पासपोर्टवर किंवा आधारवर आहेत तशी पूर्ण टाक. ती शेवटच्या पानावर छापली जातात. त्याचं कारण दुबई.

संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ रोजी विमान कंपन्यांमार्फत कळवलं की पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या माणसाला, ते नाव वरच्या ओळीत असो की खालच्या, पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. त्या दिवसांत एकनावी प्रवाशांची फार तारांबळ उडाली. काही दिवसांतच खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर ते धरलं जाईल. तिथे राहण्याचा परवाना असलेल्यांना हा नियम लागू नव्हता. तू अमेरिकेला जाताना दुबईत फक्त विमान बदललंस तर तुझा प्रवेशाशी संबंध येत नाही. पण स्वस्त तिकिटात तिथे मोठा थांबा असतो, मैत्रिणी म्हणतात चला बुर्ज खलिफा बघून येऊ, आणि मग व्हिसा लागतो. तेव्हा शेवटच्या पानावरचं बाबांचं नाव कामाला येतं. तरीही तसा बेत असेल तर तिकिटाआधी विमान कंपनीला लेखी विचारून ठेव.

आता अमेरिका. तिथली कागदांची साखळी साधारण अशी असते की विद्यापीठ आय-२० हा प्रवेशाचा दाखला पाठवतं, त्यावरून तू डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरतेस, आणि व्हिसा पासपोर्टवर चिकटतो.

आय-२० वर नावाच्या दोन मुख्य चौकटी असतात, 'Surname/Primary Name' आणि 'Given Name'. तुझं OVI पहिल्या चौकटीत यायला हवं आणि दुसरी रिकामी राहायला हवी. हे तू भरत नाहीस, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला अधिकारी भरतो. म्हणून प्रवेश निश्चित झाला की पासपोर्टच्या मुख्य पानाची स्पष्ट प्रत पाठव, आणि सोबत दोन ओळी लिही की माझं एकच नाव आहे, पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरी आहे, ही चूक नाही. आय-२० आल्यावर आधी नाव तपास, फी आणि तारखा नंतर. मार्कशीटवरून 'ओवी ओवी' आलं असेल तर लगेच दुरुस्त आय-२० मागव. ते सहसा कुरकुर न करता नवीन काढून देतात.

डीएस-१६० मध्ये दोन्ही चौकटी भराव्याच लागतात. तिथे 'Surnames' मध्ये OVI आणि 'Given Names' मध्ये FNU. ही तीन अक्षरं म्हणजे पहिलं नाव माहीत नाही असं सांगणारी अमेरिकन सरकारी खूण. म्हणजे पासपोर्टच्या बरोबर उलट. पासपोर्टवर तुझं नाव खालच्या ओळीत आहे, इथे ते वरच्या चौकटीत जातं. इथेच मुलं गोंधळतात आणि पासपोर्टप्रमाणेच भरायचं म्हणून Given Names मध्ये OVI आणि Surnames मध्ये FNU टाकतात. असं करायचं नाही. पुढे मातृभाषेतल्या लिपीत पूर्ण नाव विचारतात, तिथे देवनागरीत 'ओवी' लिही. आणि मुलाखतीची वेळ घेताना जे खातं उघडतेस, त्यातही नाव तसंच असू दे.

मुलाखतीआधी डीएस-१६० च्या पुष्टीच्या पानाची छापील प्रत काढतेस ना, त्यावरचं नाव पुन्हा एकदा वाच. अर्ज पाठवून झाल्यावर चूक दिसली तर त्याच अर्जात खाडाखोड होत नाही. नवीन अर्ज भरावा लागतो, त्याचा नंबर बदलतो आणि तो नवीन नंबर मुलाखतीच्या खात्यात जोडावा लागतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री हे उद्योग नकोत.

व्हिसा आला की त्यावर FNU छापलेलं दिसेल. त्यामुळे तिथल्या लोकांना ते तुझं पहिलं नाव वाटतं. कुणी फनू म्हणतं, कुणी एफ-एन-यू. ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं कार्ड, पगाराची चिठ्ठी यांवरही ते उतरत जातं. ते सरकारी खूण आहे, तुझं नाव नाही, पण तिथल्या क्लार्कला ते पटवून सांगत बसावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो. ते कायमचं घालवायचा उपाय एकच, पासपोर्टवर दोन नावं आणि मग नवा व्हिसा.

FNU फक्त अमेरिकेचं आहे. बंगळूरच्या एका काकांनी कॅनडाच्या अर्जातही तेच टाकलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कॅनडाच्या सूचनेप्रमाणे सगळं नाव आडनावाच्या चौकटीत टाकायचं आणि दुसरी चौकट कोरी ठेवायची.

आता माझ्या धंद्याचा विषय, तिकीट. विमान कंपन्यांच्या आरक्षणात नाव तिरकी रेघ मारून लिहिलं जातं, आधी आडनाव, मग रेघ, मग नाव, आणि त्याला चिकटून मिस्टर-मिस. आडनाव नाही म्हटलं की आरक्षण पुढेच सरकत नाही. त्यामुळे एकनावी माणसाचं तिकीट दोन-तीन प्रकारे निघतं. कुठे नाव दोनदा टाकतात, कुठे नाव आडनावाच्या जागी आणि FNU नावाच्या जागी. तुझ्या तिकिटावर यांतलं एक काहीतरी दिसेल:

```
OVI/OVI MS
OVI/FNU MS
```

बोर्डिंग पासवर मधली जागा गळून OVIMS असं जोडून छापलं गेलं तर घाबरू नकोस. ते MS म्हणजे मिस, नावाचा भाग नाही. काउंटरवरच्या लोकांना ते रोजचं असतं. अमेरिकेच्या विमानांसाठी मी दुसरा प्रकार पसंत करतो, कारण व्हिसावरही FNU असतं आणि विमान कंपनी प्रवाशाचं नाव उड्डाणाआधी अमेरिकी सुरक्षा यंत्रणेकडे तपासणीला पाठवते. तरी शेवटचा शब्द विमान कंपनीचा. काही कंपन्यांना FNU चालत नाही आणि नाव दोनदाच लागतं. दोन कंपन्यांची विमानं जोडून तिकीट असेल, मुंबई ते युरोप एकीचं आणि पुढे दुसरीचं, तर दोघींनाही चालेल असं नाव टाकायला एजंटला सांग. हे तिकीट निघायच्या आधी विचारायचं. तिकीट निघाल्यावर नाव बदलणं म्हणजे बऱ्याचदा तिकीट रद्द करून नव्या भावाने घेणं.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, तामिळनाडूचे, नोकरीनिमित्त सातपूरला स्थायिक. पासपोर्टवर एकच नाव. मोबाइलवर घाईत तिकीट काढताना साइट आडनाव मागत राहिली, तेव्हा त्यांनी वैतागून आडनावात MR टाकलं. साइटने ते आनंदाने घेतलं. तिकिटावर आडनाव MR, नावापुढे पुन्हा MR. आता हा माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच, हे काउंटरवर पटवायचं कसं? नशिबाने प्रवासाला बराच अवकाश होता आणि कंपनीने फोनवर, शुल्क घेऊन, नाव दुरुस्त करून दिलं. देशातल्या देशात असतं तर आधार दाखवून कदाचित निभावलंही असतं. पण परदेशी प्रवासात चेक-इनच्या रांगेत 'कदाचित' वर विसंबायचं नसतं.

पॅनचं थोडक्यात. तिथे उलटा कारभार आहे. पॅनच्या अर्जात आडनावाची चौकट सक्तीची आणि पहिलं नाव ऐच्छिक. त्यामुळे एकच नाव असलेल्याने ते आडनावाच्या चौकटीत लिहायचं आणि बाकीच्या दोन चौकटी मोकळ्या सोडायच्या. कार्डवर नुसतं OVI येतं आणि ते आधारशी जुळतं. दोन्ही चौकटींत OVI टाकलंस तर पॅनवर OVI OVI होईल, आणि आधारशी जोडताना नाव जुळत नाही असा संदेश येईल. वडिलांच्या नावाच्या चौकटी वेगळ्या आहेत, त्यांचं नाव तिथेच जातं. सगळ्यात सोपं सांगू का? आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारवरून तत्काळ ई-पॅन मोफत मिळतं. तिथे नावाच्या चौकटी भरायच्याच नसतात, नाव आधारवरून जसंच्या तसं येतं. तुझा मोबाइल नंबर आधारशी जोडलेला असायला हवा आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी. पुढे आयकराच्या साइटवर कुठेही आडनाव विचारलं की OVI, पहिलं नाव विचारलं की कोरं.

मतदार नोंदणीत ही अडचणच नाही. तिथल्या अर्जावर 'आडनाव असल्यास' असंच लिहिलंय. इतर सगळ्या खात्यांनी एवढे दोन शब्द उचलले असते तर तुला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता नाव वाढवण्याचा विचार. तुझ्या पत्रात तो नाही, पण घरात कधीतरी निघेलच. आई-बाबांचा विचार मोडायचा नसेल तर जातीचं आडनाव न घेताही दोन नावं होतात. बाबांचं किंवा आईचं पाळण्यातलं नाव पुढे लावलं की झालं. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा नियमच आहे, तेव्हा आता ते कुणाला अप्रूप वाटणार नाही. माझं मत विचारशील तर केवळ फॉर्मच्या चौकटीसाठी नाव बदलू नये. एका नावाने अमेरिकेला जाता येतं आणि राहताही येतं, FNU ची चिडचिड सोसावी लागते इतकंच. पण तुला स्वतःला दुसरं नाव हवंच असेल, तर ते पहिल्या पासपोर्टच्या आधी कर. नंतर केलंस तर पासपोर्ट, व्हिसा, आय-२०, विद्यापीठाची नोंद, सगळं पुन्हा बदलावं लागेल.

त्यासाठी 'आपले सरकार' पोर्टलवरून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची. राजपत्राची प्रत आली की आधारमध्ये नाव बदलायचं, मग पासपोर्टचा अर्ज. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग आधी घरात बसून पक्कं कर. पुढे डिग्रीवर जुनं नाव राहिलं तरी राजपत्राची प्रत जोडून काम भागतं. पासपोर्टच्या अर्जात 'नाव कधी बदललंय का' याला मात्र मग 'होय' लिहावं लागेल.

हा निर्णय तुम्ही तिघांनी या महिन्यात घ्या. ओवीच राहायचं ठरलं तर सोमवारी शाळेत जा आणि जनरल रजिस्टरचा उतारा माग. त्यात काय लिहिलंय ते मला कळव, मग बोर्डाच्या अर्जाचा मजकूर बघू.

— काका